अख्ख्या गावाचा मूलांक एक

मेहकर असो, मोताळा असो की संग्रामपूर, बुलडाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही खेड्यातल्या शाळेचं जुनं दाखलखारीज रजिस्टर उघडा आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीची पानं काढा. जन्मतारखेच्या रकान्यात १ जून, १ जून, पुन्हा १ जून असं दिसत जाईल. मधेच एखादी १ जुलै. त्या गावात बायका जूनच्या पहिल्या दिवशीच बाळंत होत होत्या असं नाही. शाळा जूनमध्ये भरायची, पोराला सहा वर्षं पूर्ण झालेली दाखवायची असायची, बापाला तारीख ठाऊक नसायची आणि गुरुजींना रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. गुरुजींनी १ जून लिहिलं. त्याच तारखेवर पुढे नोकरी लागली, आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेल्याची निवृत्ती आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी होते, म्हणून राज्यभरातली सरकारी कार्यालयं दर ३१ मे रोजी निरोपाचे हार आणतात.

या माणसांच्या हातात आता मोबाइल आला आहे आणि मोबाइलवर अंकज्योतिषी आले आहेत. ते सांगतात, तुमची जन्मतारीख १, म्हणून मूलांक १, स्वामी रवि. तुम्ही जन्मजात पुढारी, मानी, कुणाच्या हाताखाली न रमणारे. अख्ख्या पिढीचा स्वभाव शाळेच्या गुरुजींनी ठरवला, असा याचा अर्थ होतो. मला हे गमतीचं वाटत नाही. कारण याच अंकावरून आज लग्नाची स्थळं नाकारली जातात, मुलांच्या नावांची स्पेलिंगं बदलली जातात आणि सिझेरियनचे दिवस ठरतात.

आधी हिशेब नीट समजून घेऊ. अंकशास्त्रात जन्मतारखेतून दोन आकडे काढतात. नुसता दिवस घेतला आणि त्याच्या अंकांची बेरीज एका अंकावर आणली की मूलांक. दिवस, महिना आणि वर्ष या सगळ्यांची बेरीज एका अंकावर आणली की भाग्यांक. पाश्चात्त्य अंकशास्त्रात मान भाग्यांकाला. तो आयुष्याची वाट सांगतो आणि दिवसाचा अंक म्हणजे सोबत मिळालेली एखादी देणगी. आपल्याकडच्या अंकज्योतिषात मूलांक पुढे बसला आहे. तो स्वभाव, आणि भाग्यांक म्हणजे नशिबाने पुढ्यात वाढून ठेवलेलं. ‘भाग्यांक सारखा असला तरी जन्माचा दिवस वेगळी चव देतो,’ असं म्हणतात ते याच हिशेबानं. त्यातही एकाच मूलांकाच्या तारखा पुन्हा वेगळ्या धरतात. १२ आणि २१ दोन्हींचा मूलांक ३, स्वामी गुरू. पण कीरो या नावाने गाजलेल्या आयरिश हस्तसामुद्रिकाच्या अंकांवरच्या पुस्तकात १२ हा बळी जाणाऱ्याचा आकडा आहे, तर २१ मुकुटाचा. हा कीरो आपण कोकणातल्या जोशी मंडळींकडून विद्या शिकलो असं सांगत असे. मराठी अंकज्योतिषाच्या पुस्तकांवर आजही त्याची छाप आहे.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. चिखली तालुक्यातले एक आजोबा धरा. आधार कार्डावर जन्मतारीख १ जून १९५२. मूलांक १. भाग्यांकासाठी दिवसाचा १, महिन्याचे ६, वर्षाचे १, ९, ५, २ मिळून १७ म्हणजे ८. बेरीज १५, म्हणजे ६. रवीचा स्वभाव आणि शुक्राची वाट. अंकज्योतिषी सांगेल, मानी माणूस, पण घर, कला, सुखसोयी यांच्याकडे ओढा.

आता आजोबांना विचारा. ते म्हणतील, ‘माही माय सांगे, पोया झाला अन् दुसऱ्या दिवशी तू झाला.’ ही आठवण रजिस्टरपेक्षा पक्की आहे, कारण बैलांच्या सणाचा दिवस शेतकऱ्याची बायको विसरत नाही. १९५२ मध्ये श्रावणी अमावास्या २० ऑगस्टला होती. त्या दिवशी कंकणाकृती सूर्यग्रहणही होतं, त्यामुळे तारखेत शंका उरत नाही. म्हणजे आजोबांचा जन्म तान्ह्या पोळ्याचा, २१ ऑगस्ट १९५२ चा. मूलांक ३. भाग्यांकासाठी ३, ८ आणि ८ मिळून १९, म्हणजे १०, म्हणजे १. रवि-शुक्राचे आजोबा एका प्रश्नात गुरू-रवीचे झाले. दोन्ही आकडे बदलले, ग्रह बदलले, शुभ रंग आणि शुभ वारही बदलले. आजोबा मात्र तेच राहिले.

यावर अंकज्योतिषी दोनपैकी एक उत्तर देतात. काही म्हणतात, खरी तारीख आणा. हे उत्तर सरळ आहे. मग त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारलं पाहिजे की ही तारीख आईच्या तोंडची की शाळेची. विचारणारे फार थोडे. दुसरे म्हणतात, कागदावरची तारीख आयुष्यभर वापरली की तिचीच स्पंदनं लागतात. हे उत्तर मला अप्रामाणिक वाटतं. जन्माच्या क्षणी विश्वाने काही कोरलं असेल तर ते गुरुजींच्या टाकाने पुसलं जाणार नाही. आणि गुरुजींचा टाक पुरत असेल तर जन्माच्या दिवसाला अर्थच उरला नाही.

‘वेगळी चव’ या दाव्याकडे गणिताच्या बाजूनेही पाहायला हवं, कारण तिथे एक गोष्ट सहज निसटते. एका अंकावर आणलेली बेरीज म्हणजे ९ ने भागल्यावर उरणारी बाकी, बाकी शून्य असेल तर ९. म्हणून भाग्यांकात मूलांक आधीच मिसळलेला असतो. १९५२ च्या ऑगस्टचंच पाहा. महिन्याचे ८ आणि वर्षाचे ८ मिळून १६, म्हणजे ७. त्या महिन्यात जन्मलेल्या प्रत्येकाचा भाग्यांक म्हणजे मूलांक अधिक ७, एवढंच. मूलांक ३ असेल तर भाग्यांक १, मूलांक ४ असेल तर २. एका महिन्यात जन्मलेल्या सगळ्या पोरांमध्ये हे अंतर तेच राहतं, आणि मूलांक कळला की भाग्यांक आपोआप कळतो. काही महिन्यांत तर हे अंतर नाहीसंच होतं. जानेवारी २०२४ घ्या. महिन्याचा १, वर्षाचे ८, बेरीज ९. नऊ मिळवल्याने अंक बदलत नाही. म्हणून त्या महिन्यात खामगावला जन्मलेलं मूल असो की अमेरिकेत, सगळ्यांचा मूलांक आणि भाग्यांक एकच. त्या मुलांना वेगळी चव कुठून आणायची? दोन स्वतंत्र साक्षीदार म्हणून जे उभे केले जातात, त्यातल्या एकाच्या साक्षीत दुसऱ्याची साक्ष मिसळलेली आहे. म्हणूनच तारीख चुकली की दोन्ही कोसळतात.

जिल्ह्यात याहून मोठं उदाहरण आहे आणि ते आदराने सांगतो. राजमाता जिजाऊंचा जन्म सिंदखेडराजाचा, लखुजी जाधवांच्या घरचा. १२ जानेवारी १५९८ ही तारीख आज सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे आणि त्या दिवशी सिंदखेडराजात माणूस मावत नाही. मूलांक ३. भाग्यांकासाठी ३, १ आणि वर्षाचे २३ म्हणजे ५, एकूण ९. गुरू आणि मंगळ. अंकज्योतिषी इथे खूश होतात. संस्कार देणारी गुरू, आणि स्वराज्याचा मंगळ. किती चपखल!

आता पंचांग काढा. जिजाऊंचा जन्म पौष पौर्णिमेचा, शके १५१९. पोप ग्रेगरीने कॅलेंडर सुधारलं ते १५८२ मध्ये, पण इंग्लंडने ते स्वीकारलं थेट १७५२ मध्ये. आपल्या सतराव्या शतकातल्या आणि त्याआधीच्या तारखा इतिहासकारांनी बऱ्याचदा जुन्या, जूलियन कॅलेंडरने दिल्या आहेत. १५९८ च्या पौषातली पौर्णिमा जुन्या कॅलेंडरने १२ जानेवारीला येते. आज भिंतीवर जे कॅलेंडर लटकतं, त्याने तो दिवस २२ जानेवारी आहे. दहा दिवसांचा फरक. सूर्य तोच, चंद्र तोच, पौर्णिमा तीच, पण मूलांक ३ चा ४ झाला. भाग्यांक ४, १ आणि ५ मिळून १०, म्हणजे १. राहू आणि रवि. आता हेच अंकज्योतिषी म्हणतील, प्रस्थापित सत्तेला हादरा देणारा राहू, आणि राजा घडवणारा रवि. तेही चपखल!

छत्रपती शिवाजी महाराजांच्या तारखेत गंमत आणखी वेगळी. १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या कॅलेंडरची तारीख, नव्याने ती १ मार्च. १९ चा मूलांक १ आणि १ चाही १. मूलांक टिकला, पण भाग्यांक ४ चा ५ झाला. आकाशात काहीच बदललं नाही, बदलली ती मोजणारी पट्टी. आकडा पट्टीबरोबर बदलत असेल तर तो पट्टीचा आहे, माणसाचा नाही.

बारा जानेवारीचेच दुसरे धनी म्हणजे स्वामी विवेकानंद, जन्म १८६३ चा. मूलांक जिजाऊंचा तोच, ३. भाग्यांक काढताना मात्र अंकज्योतिष्यांच्याच दोन रीती एकमेकींना काटतात. दिवस, महिना, वर्ष प्रत्येकी एका अंकावर आणले तर ३, १ आणि ९ मिळून १३, म्हणजे ४. सगळे अंक एका दमात मिळवले तर बेरीज २२ येते, आणि २२ हा पाश्चात्त्य पद्धतीत ‘मास्टर नंबर’. तो पुढे मोडायचा नाही, तो महान निर्माणकर्त्याचा. म्हणजे एकाच माणसाला एका रीतीने राहूचा ४, दुसऱ्या रीतीने दुर्मीळ २२. शिवाय चरित्रकार सांगतात की त्यांचा जन्म सूर्योदयाच्या काही मिनिटं आधीचा. आपल्या पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, मध्यरात्री नव्हे. त्या नियमाने दिवस अजून ११ चाच होता आणि मूलांक २. कुठली रीत घ्यायची ते आधी ठरवून कुणी सांगत नाही. आयुष्य पाहून रीत निवडली जाते. माझी खरी तक्रार ही आहे.

असे दावे तपासायचे कसे हेही महाराष्ट्राने दाखवून दिलं आहे, फलज्योतिषाच्या बाबतीत. २००८ मध्ये पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी चाचणी घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० कुंडल्या जमवल्या आणि सरमिसळ करून ज्योतिष्यांना चाळीस-चाळीस पाठवल्या. कुंडली हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढंच सांगायचं होतं. २७ ज्योतिष्यांनी उत्तरं दिली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं तर पन्नास येतात. मूलांकालाही हीच कसोटी लावता येते, घरच्या घरी. नात्यातल्या सहा जणांच्या मूलांकाची वर्णनं पुस्तकातून उतरवा, आकडे आणि ग्रहांची नावं कापून टाका, आणि ज्याला त्याला स्वतःचं वर्णन ओळखायला सांगा. ओळखणाऱ्याने पुस्तक आधी वाचलेलं नसावं, नाहीतर तो स्वभाव नव्हे तर पाठ सांगेल.

इथपर्यंत हा नुसता हिशेबाचा वाद वाटेल. पण याची झळ दोन ठिकाणी बसते.

पहिली लग्नाच्या बायोडाट्यात. मूलांक ८ म्हणजे शनी, ४ म्हणजे राहू. ८, १७ आणि २६ तारखेच्या मुलींकडे भुवया उंचावून पाहणारी घरं मी आपल्याच जिल्ह्यात पाहिली आहेत. वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी ३६ दिवस मूलांक ८ चे आणि ४३ दिवस मूलांक ४ चे असतात. म्हणजे पाचातल्या एका मुलीला केवळ तारखेवरून मागे सारायची ही सोय आहे. पत्रिकेत मंगळ काढला जातो, मग आकड्यात शनी काढला जातो. मुलीला बघायला आलेल्यांना काहीतरी काढायचंच असतं. पोरीचं शिक्षण, तिची नोकरी, तिची इच्छा याबद्दल विचारायला मग वेळ उरत नाही.

दुसरी झळ बाळंतपणाच्या खोलीत बसते, आणि ती जास्त गंभीर आहे. मुहूर्ताचं सिझेरियन जुनं झालं, आता त्यात मूलांकाची भर पडली आहे. डॉक्टरने २६ दिली तर घरचे २४ मागतात, कारण ६ चा शुक्र बरा, ८ चा शनी नको. सिझेरियन आईच्या किंवा बाळाच्या जिवासाठी लागत असेल तर ते तातडीने व्हावं, त्याबद्दल दुमत नाही. पण ठरवून करायचं असेल आणि अडचण नसेल तर ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी करू नये, असं वैद्यकशास्त्र सांगतं. त्याआधी काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास होण्याचं, अतिदक्षता कक्षात ठेवावं लागण्याचं प्रमाण जास्त असतं. फुप्फुसातलं पाणी शोषलं जायला आणि फुप्फुसं पिकायला ते शेवटचे दिवस लागतात. शुक्रासाठी बाळाचे हे दिवस कापायचा अधिकार आजोबांना नाही, ज्योतिष्याला तर मुळीच नाही. आणि डॉक्टरांनीही अशी मागणी आली की नाही म्हणायला शिकलं पाहिजे. दाखवायला आलेली बाई तुमची रुग्ण आहे, तिची सासू नव्हे.

आणि आकड्यावाचून काही अडतं का, हे कळायला गजानन महाराजांकडे पाहा. शेगावात ते २३ फेब्रुवारी १८७८ ला, माघ वद्य सप्तमीला प्रथम दिसले. जन्म कधी, कुठे, कुणालाच माहीत नाही. म्हणून त्यांचा प्रकट दिन असतो, जयंती नसते. मूलांक काढायला तारीखच नाही. पायी वारी करत शेगावला पोचणाऱ्या लाखो लोकांपैकी एकालाही त्या आकड्याची उणीव भासलेली नाही.

जन्मतारखेचं खरं मोल वेगळ्या ठिकाणी आहे. तारीख चुकली की पेन्शन अडते, जात पडताळणी अडते, मुलीचं वय ठरवता येत नाही आणि बालविवाह लपतो. आपल्या वऱ्हाडात जुन्या पिढीचा जन्म कोतवाल बुकात नोंदलेला असतो. पुष्कळदा पोराचं नावही नसतं, फक्त बापाचं नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. पण दिवस असतो. तहसील कार्यालयात अर्ज करून त्याची नक्कल मिळते. घरात वडीलधारं माणूस असेल तर ती काढून ठेवा. पान जीर्ण होण्याआधी काढा.

नव्या बाळांसाठी कायदा सोपा आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत केली तर एक पैसाही लागत नाही. दवाखान्यात जन्म झाला तर कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची, घरी झाला तर घरच्यांची. गावात ग्रामपंचायतीकडे, शहरात नगरपालिकेकडे. २१ दिवस उलटले की विलंब शुल्क सुरू होतं, वर्ष उलटलं की अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून नवा दुरुस्ती कायदा लागू झाला आहे. त्यानंतर जन्मलेल्यांना शाळेत प्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्माचा पुरावा म्हणून हाच दाखला चालेल. बाळ मध्यरात्रीनंतर झालं असेल तर नवीन तारीख लागते, ती तशीच लिहून घ्या. आठ असेल तर आठच लिहा. कुणी ती बदलून मागितली तर देऊ नका, कारण खोटी तारीख लिहिणं हा गुन्हा आहे.